फुलांच्या दुकानाचा रोजचा माल-तक्ता : रात्रीची मोजणी आणि हिशेबी शिल्लक जुळत नाही तेव्हा

समस्या अशी आहे. सकाळी किती माल आला, त्याची प्रत कोणती आणि रात्री किती उरला, हे तिन्ही आकडे रोज तक्त्यात भरले जातात. बेरीज-वजाबाकीही बरोबर असते. तरीही तक्ता सांगतो की १०३ गुलाब असायला हवेत आणि बादल्यांमध्ये प्रत्यक्ष ४७ निघतात. पहिल्या दिवशी आपण ते मोजणीच्या चुकीवर ढकलतो, दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मुलावर, आणि तिसऱ्या दिवसापासून फरकाची रक्कम ‘वाया’ या रकान्यात टाकून तक्ता बंद करतो. पुण्यातील आमच्या दुकानात हे कित्येक महिने चालले होते. माल मार्केट यार्डातून येतो, दुकान छोटे आहे आणि तक्ता संगणकावरच्या साध्या शीटमध्ये आहे. त्यामुळे खाली जे लिहिले आहे ते अशाच आकाराच्या दुकानाला लागू पडेल.

प्रथम आमचा जुना तक्ता कसा होता ते सांगतो, कारण दोष त्याच्या मांडणीतच होता. प्रत्येक फुलाला रोज एक ओळ होती. तिच्यात कालची शिल्लक, आजची खरेदी, त्यानंतर अ, ब, क अशा प्रतींचे तीन रकाने, मग विक्री, वाया आणि शेवटी उरलेला माल असे रकाने होते. आजची एकूण आवक म्हणून प्रतींच्या तीन रकान्यांची बेरीज धरली जात असे. आलेला माल प्रतवार लावला की त्याची बेरीज खरेदीइतकीच येणार, असे त्यामागचे गृहीत होते, आणि फक्त ताजा माल असेपर्यंत ते खरेही होते.

आता डच गुलाबाचे दोन दिवस पाहू. मंगळवारी ८ जुड्या आल्या. जुडीत २० नग असतात, म्हणजे १६० नग झाले. जुड्या उघडताना ४ काड्या मोडलेल्या निघाल्या आणि फेकल्या. दिवसभरात ५८ सुटे विकले गेले आणि बारा-बारा फुलांच्या ३ बुक्यांत ३६ गेले. रात्री मोजणी ६२ आली, हिशेबही ६२ आला. इथवर सारे ठीक होते.

बुधवारी सकाळी नव्या ५ जुड्या, म्हणजे १०० नग आले. त्याच वेळी कालचे ६२ पुन्हा पाहिले गेले, आणि हे करायलाच हवे, कारण रात्रभरात गुलाबाची प्रत बदलते. त्यांतले ४१ ‘ब’ निघाले, १५ ‘क’ निघाले आणि ६ फेकावे लागले. मुलाने ही माहिती इमानेइतबारे त्याच ओळीत भरली : अ १००, ब ४१, क १५. त्यामुळे तक्त्याच्या लेखी आजची आवक १५६ झाली, आणि कालची शिल्लक म्हणून ६२ आधीच वरच्या बाजूला बसलेले होते. एकूण २१८ झाले, तर दुकानात प्रत्यक्षात १६२ होते. दिवसभरात सुटे ७० गेले, बुक्यांत २४ वापरले, ‘क’ प्रतीचे १५ पाकळ्यांसाठी सोलले आणि ६ सकाळीच फेकले होते. तक्त्याने उरलेला माल १०३ सांगितला. मोजले तर ४७. फरक ५६ चा, म्हणजेच ४१ अधिक १५. कालचाच माल नव्याने प्रत मिळताच दुसऱ्यांदा दुकानात आला होता.

खरे नुकसान मात्र त्यानंतर झाले. हे ५६ ‘वाया’ मध्ये टाकले गेले आणि सकाळी फेकलेले ६ त्यात मिळून वाया गेलेला माल ६२ दिसू लागला. ६२ हीच काल रात्रीची शिल्लक होती. हा योगायोग नाही. दुबार नोंदीचा फरक ‘वाया’ मध्ये ढकलला आणि दिवसभरात आणखी काही फेकले नाही, की वाया गेलेला माल आदल्या रात्रीच्या शिलकीइतकाच येतो, कारण त्या शिलकीतले जे फेकले ते आणि जे पुन्हा आवकेत धरले गेले ते मिळून ती शिल्लकच होते. म्हणून आकडा इतका पटण्यासारखा दिसतो. कालचा सगळा माल गेला, असा अर्थ आम्ही काढला, गुरुवारी तीनच जुड्या घेतल्या आणि संध्याकाळी सातला गुलाब संपले. कालच्या मालातून पाकळ्यांचे आणि बुक्यांचे पैसे आले होते, हे कोणाच्या लक्षातच आले नाही.

तेव्हा आपल्याकडे हाच दोष आहे का, हे पाहण्यासाठी नवे काही मोजावे लागत नाही. मागच्या दहा-बारा दिवसांचा ‘वाया’ रकाना आणि त्या-त्या आदल्या रात्रीचा ‘उरलेला माल’ हा रकाना शेजारी शेजारी ठेवावा. दोन्ही आकडे रोज सारखे किंवा दोन-तीनच्या अंतराने येत असतील, तर फुले सडत नसून तक्ता दुबार मोजत आहे, असे समजावे.

फरक याखेरीज दुसऱ्या कारणानेही येऊ शकतो, आणि कोणत्या कारणाने आला हे बहुधा त्या आकड्याकडे पाहूनच कळते. मोजलेला माल हिशेबापेक्षा जास्त निघाला आणि फरक १९ च्या पटीत असला, तर जुड्यांचा आकडा नगांच्या जागी लिहिला गेला आहे. ८ जुड्यांऐवजी ८ नग धरले की १५२ ची तफावत पडते, म्हणजे १९ गुणिले ८. जर्बेराची जुडी १० ची असेल तर हीच चूक ९ च्या पटीत दिसते. मात्र ९ ची पट हिशेबातल्या आणखी एका जुन्या चुकीचीही खूण आहे. ५२ च्या जागी २५ असे अंक उलटे पडले तरी फरक ९ नेच भागला जातो. म्हणून जर्बेराच्या ओळीत दोन्ही शक्यता तपासाव्यात. मोजलेला माल कमी निघाला आणि फरक १२ किंवा २४ असा असला, तर बुक्यांकडे पाहावे.

बुक्याच्या बाबतीत थोडे थांबावे लागेल, कारण तिथे चूक करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. बहुतेक ठिकाणी बुके विकला गेला की त्यातली फुले वजा केली जातात. संध्याकाळी पाच बुके बांधून काउंटरवर ठेवले आणि त्यांतले तीनच गेले, तर उरलेल्या दोन बुक्यांतले २४ गुलाब तक्त्याच्या लेखी अजून बादलीत असतात. रात्री मोजणारा बादलीच मोजतो आणि बुके सोडून देतो. यावर उपाय असा की फुले बुके बांधताना वजा करावीत, विकताना नव्हे, आणि ‘तयार बुके’ ही स्वतंत्र वस्तू म्हणून तक्त्यात तिची वेगळी ओळ ठेवावी. दुसऱ्या दिवशी बुके सोडून चांगली फुले परत बादलीत ठेवली, तर ती पुन्हा आपापल्या ओळीत धरावी लागतात. ते टाळायचे असेल तर सोडलेली फुले बादलीत न ठेवता हार किंवा पाकळ्यांसाठीच वापरावीत. आम्ही हा दुसरा नियम केला, आणि फुलाच्या दृष्टीनेही तोच योग्य आहे, कारण फितीखाली दबलेली काडी दुसऱ्या दिवशी फारशी टिकत नाही.

आता मूळ दुरुस्ती. प्रत ही मालाची स्थिती आहे, आवक नव्हे, हे तक्त्याच्या मांडणीतच दिसले पाहिजे. त्यासाठी आम्ही दोन बदल केले. पहिला असा की एका फुलाला रोज एक ओळ न ठेवता, ज्या दिवशी माल आला त्या दिवसागणिक वेगळी ओळ ठेवली. बुधवारी डच गुलाबाच्या दोन ओळी होतात, मंगळवारच्या आवकेची आणि बुधवारच्या आवकेची. दुसरा बदल असा की प्रतींचे रकाने शिलकीच्या हिशेबातून पूर्णपणे बाहेर काढले आणि त्यांना फक्त पडताळ्याचे काम दिले. रकान्यांचा क्रम असा आहे : तारीख (A), फूल (B), आवकेची तारीख (C), सकाळची शिल्लक (D), खरेदी जुड्या (E), जुडीतील नग (F), सुटी विक्री (G), बुके-हार-पाकळ्या यांत वापर (H), सकाळी काढलेले (I), दिवसभरात फेकलेले (J), हिशेबी शिल्लक (K), मोजलेली शिल्लक (L), फरक (M), मग प्रत अ, ब, क (N, O, P) आणि पडताळा (Q). सूत्रे फक्त D, K, M आणि Q या चार रकान्यांत आहेत, बाकी सर्व हाताने भरायचे.

```
D2: =SUMIFS(L:L,A:A,MAXIFS(A:A,A:A,"<"&A2),B:B,B2,C:C,C2)
K2: =D2+E2*F2-G2-H2-I2-J2
M2: =IF(L2="","",L2-K2)
Q2: =N2+O2+P2+I2-(D2+E2*F2)
```

सकाळची शिल्लक हिशेबी आकड्यातून न घेता काल रात्री मोजलेल्या आकड्यातून उचलली जाते, म्हणजे कालची चूक आज पुढे सरकत नाही. आधी आम्ही तिथे सरळ ‘आजची तारीख वजा एक’ असे सूत्र लिहिले होते. परिणामी सुट्टीनंतरच्या सकाळी सगळी शिल्लक शून्य दिसे. वरचे सूत्र नोंद असलेली मागची तारीख स्वतः शोधते, मग मधे एक दिवस दुकान बंद असो वा दोन. फरकाच्या सूत्रातील रिकाम्या जागेची अटही अनावश्यक नाही. ती नसेल तर मोजणी करायचीच राहिली आणि मोजणीत शून्य आले, या दोन गोष्टी तक्त्याला सारख्याच दिसतात.

पडताळ्याचा रकाना सकाळीच शून्य आला पाहिजे, विक्री सुरू होण्यापूर्वी. वरचा बुधवार या मांडणीत असा बसतो. मंगळवारच्या ओळीत सकाळची शिल्लक ६२, काढलेले ६, ब ४१, क १५, पडताळा शून्य. त्या ओळीतून बुक्यांना २४ आणि पाकळ्यांना १५ असे ३९ वापरले गेले, सुटे १२ कमी भावात विकले गेले आणि ५ उरले. बुधवारच्या ओळीत १०० आले, सगळे ‘अ’, काढावा लागला असा एकही नव्हता, ५८ विकले गेले आणि ४२ उरले. दोन्ही मिळून ४७, आणि बादल्यांतही ४७. वाया गेलेला माल ६, म्हणजे जुन्या तक्त्याच्या ६२ च्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

दोन दिवसांचे गुलाब बादलीत एकमेकांत मिसळले तर ही मांडणी कोसळते, हे उघड आहे. आम्ही जुडीच्या दांड्यांना खालच्या बाजूला रंगीत रबर लावतो. तीन रंग आळीपाळीने वापरले की पुरतात, कारण चौथ्या दिवसापर्यंत आमच्याकडचा गुलाब एक तर विकलेला असतो किंवा पाकळ्यांच्या टोपलीत गेलेला असतो. जुडी सोडून सुटी विकायला ठेवताना रबर बादलीच्या कडीला अडकवायचे आणि एका बादलीत एकच रंग ठेवायचा.

एवढे करूनही प्रतीचे आकडे विचित्र येऊ लागले, तर प्रत कोणत्या वेळी आणि कोणत्या खुणांवर ठरवली जाते, ते पाहावे. बाजारातून आलेला गुलाब पोत्यात किंवा खोक्यात तास-दोन तास पाण्यावाचून राहिलेला असतो आणि त्याने मान टाकलेली असते. त्याच क्षणी प्रत ठरवली तर चांगला माल ‘क’ मध्ये जातो. दांडी कापताना तिच्यात हवा शिरली की पाणी वर चढत नाही. म्हणून दांडीचे टोक पाण्याखाली धरून दोन सेंटिमीटर तिरके कापावे, जुडी कागदात ताठ गुंडाळून खोल पाण्यात दोन तास उभी करावी, आणि मगच प्रत लावावी. तेवढ्या वेळाने जी मान उभी राहत नाही, ती बहुधा पुढेही राहत नाही. गुलाबाची सर्वांत बाहेरची पाकळी डागाळलेली किंवा हिरवट असली तरी तिच्यामुळे प्रत खाली आणू नये. ती राखणीची पाकळी असते आणि विकताना काढलीच जाते. आतल्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पसरलेले असतील तर मात्र बुरशी आहे, आणि ती जुडी इतरांपासून लगेच वेगळी करावी. आमच्या खुणा एका वाक्यात मावतात : कळी घट्ट आणि मान ताठ असेल तर अ, कळी अर्धी उमललेली पण मान ताठ असेल तर ब, पूर्ण उमललेले किंवा मान वाकलेले असेल तर क. जर्बेरात पाकळ्या बराच काळ ताज्या दिसतात आणि फसवतात. तिथे मधल्या चकतीकडे पाहावे. बाहेरची दोन-तीन वर्तुळेच पराग दाखवत असतील तर फूल नवे आहे, पराग मध्यापर्यंत पोहोचला असेल तर ते जुने आहे. प्रत लावणारी व्यक्ती रोज एकच असावी, नाही तर सोमवारचा ‘ब’ आणि मंगळवारचा ‘ब’ यांत काही संबंध उरत नाही.

तक्ता बरोबर असूनही सकाळची शिल्लक अचानक शून्य किंवा अर्धवट आली, तर दोष बहुधा टंकलेखनात असतो. एके दिवशी ‘जर्बेरा’ आणि दुसऱ्या दिवशी ‘जरबेरा’ लिहिले की सूत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी फुले झाली. शब्दानंतर चुकून पडलेली मोकळी जागाही असाच घोळ करते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. फुलांची नावे टंकू न देता निवडसूचीतूनच घ्यावीत. आकडा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसला तर शीट त्याला मजकूर समजत आहे, चौकटीचे स्वरूप संख्येचे करून तो पुसून पुन्हा टंकावा. रात्री बारानंतर मोजणी भरणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. `Ctrl+;` दाबून तारीख टाकली तर ती दुसऱ्या दिवसाची पडते, आणि त्या सकाळच्या ओळींना आदल्या रात्रीची मोजणी सापडतच नाही. लग्नसराईत आमच्याकडे हे तीनदा झाले.

सुट्ट्या फुलांना ही नगाची मांडणी जशीच्या तशी लागू होत नाही. झेंडू, शेवंती, मोगरा, गुलछडी हा माल किलोवर येतो आणि वजन दिवसभर बदलत राहते. उघड्या क्रेटमधला झेंडू सुकत जातो आणि पाणी शिंपडले की पुन्हा जड होतो. पावसाळ्यात बाजारातूनच भिजलेला माल येतो, तेव्हा खरेदीच्या वजनात पाणीही धरलेले असते. म्हणून इथे फरक शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये. एक क्रेट बाजूला ठेवून त्यातले काहीही न विकता सकाळी आणि रात्री वजन करावे, असे वेगवेगळ्या हवेतले तीन-चार दिवस पाहावेत, आणि जी घट येईल ती आपल्या दुकानाची नेहमीची घट म्हणून धरावी. फरक तेवढ्यात बसत असेल तर तो सोडून द्यावा. रात्रीचे वजन पाणी शिंपडण्यापूर्वीच करावे आणि त्यातून रिकाम्या क्रेटचे वजन वजा करावे. हे दुसरे आम्ही दोन आठवडे विसरत होतो, आणि झेंडू रोज वाढत असल्याचे पाहून खूश होत होतो. हार गुंफणाऱ्या मावशींना दिलेला माल वजनावर द्यावा आणि परत आलेलाही वजनावरच घ्यावा. हारांच्या संख्येवरून फुलांचा अंदाज बांधला तर तो कधीच जुळत नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभे राहून हार भरगच्च करून मागते.

जुन्या मांडणीतून नवीत येताना मागचे आकडे दुरुस्त करत बसू नये. दुबार धरलेल्या मालाचे वेगळे निशाण जुन्या तक्त्यात नसते, त्यामुळे ती दुरुस्ती अंदाजावरच होईल. एका रात्री दुकान बंद केल्यावर सगळा माल रबराच्या रंगानुसार मोजावा, ती मोजणी मोजलेल्या शिलकीच्या रकान्यात आवकेच्या तारखेसह भरावी, आणि दुसऱ्या सकाळपासून नवा तक्ता सुरू करावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत कोणत्या ना कोणत्या ओळीत फरक येईलच. त्याला ‘वाया’ मध्ये टाकू नये, तो फरकाच्या रकान्यात तसाच दिसू द्यावा. १६० नगांच्या मालात दोन-तीन नग इकडेतिकडे झाले तर आम्ही शोधत नाही. पाचच्या वर गेले तर त्याच रात्री बुके, जुड्या आणि तारखा या क्रमाने तपासतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणि दसऱ्याला मात्र झेंडूसाठी हा तक्ता आम्ही वापरतच नाही. त्या दोन दिवसांत माल रस्त्यावर ढिगाने मांडला जातो, वजनकाटा एकच असतो आणि भाव तासातासाला बदलतो. तेव्हा पहाटे आलेले एकूण वजन आणि रात्री उरलेला ढीग एवढेच लिहितो, आणि गुलाबाच्या ओळी नेहमीसारख्या भरतो.